खरकट्या भांड्यांचा पंचनामा

चि. लेखकराव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यासोबत राहणाऱ्या, भांडी न घासणाऱ्या मित्राला लिहिलेल्या पत्राचा तुझा मसुदा मिळाला. पहिल्यांदा वाचताना वाटलं की तू भांडणाचं पत्र चुकून मला पाठवलंस आणि विनोदी पत्र तुझ्याकडेच राहिलं. शेवटाला आले तेव्हा कळलं की हेच ते विनोदी पत्र. पहिल्याच परिच्छेदात तू त्या मुलाला आळशी, बेजबाबदार आणि घाणेरडा म्हणून मोकळा झालास. मोकळा झालास हे बरं झालं. आता तो परिच्छेद खोडून टाक.

राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तीन-तीन दिवस सिंक भरलेलं असेल तर कुणाचंही डोकं फिरेल. पण शिवी वाचून हसू येत नाही, कारण तिच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. 'घाणेरडा' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं? काही नाही. पानभर मजकुरात मी एकाच ठिकाणी हसले. तू लिहिलंयस, 'ढिगाच्या मधोमध एक चमचा अडकलाय आणि मला वाटतं सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे, म्हणून मी तो काढत नाही.' हे वाचताना मला तो ढीग दिसला, तो चमचा दिसला, आणि मुख्य म्हणजे तू दिसलास: हात पुढे करून मागे घेणारा, चमच्याला घाबरलेला एक धडधाकट तरुण. तुझं पत्र तिथून सुरू होतं.

तक्रारीच्या विनोदी पत्रात हसू ज्याच्यावर येतं तो तक्रार करणारा असतो. भांडी न घासणारा माणूस जगात नवा नाही, त्याच्यात गंमत ती किती असणार? गंमत आहे ती एवढ्याशा गोष्टीचं एवढं मोठं प्रकरण करणाऱ्यात. समोर पाच-सात खरकटी भांडी आहेत आणि हा गृहस्थ जणू धरण फुटल्याचा अहवाल लिहितोय. त्याला स्वतःला जराही हसू येत नाही. तो अत्यंत गंभीर आहे, दुखावलेला आहे, आणि प्रत्येक वाक्य तोलून मापून लिहितो आहे. तो एकदा जरी डोळा मिचकावून 'हाहा, गंमत हं' म्हणाला, तरी पत्र तिथेच बसलं. तुझ्या मसुद्यात हसऱ्या चेहऱ्याची चार चिन्हं आहेत. ती काढ.

दुखावलेल्या तक्रारदाराचा मान हा या प्रकाराइतकाच जुना विषय आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० मधली मातीची एक लेखी पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, मेसोपोटेमियातल्या उर शहरात सापडलेली. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकानं एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला लिहिलेली ती तक्रार आहे. तांबं हलक्या प्रतीचं निघालं, एवढाच मामला. पण नान्नी तेवढ्यावर थांबत नाही. माझ्या माणसाला तू 'घ्यायचं तर घे, नाहीतर चालता हो' असं म्हणालास, मला समजतोस तरी कोण, असं तो विचारतो, आणि शेवटी बजावतो की यापुढे माझ्याच आवारात एकेक लगड निवडून घेईन. त्याला विनोद करायचा नव्हता. तरी आज ते वाचून लोक हसतात, कारण मालापेक्षा मानाची जखम मोठी झाली आहे आणि ती त्यानं चिकाटीनं मातीत कोरली आहे. तुझ्या तक्रारदाराला हीच वृत्ती दे.

वृत्तीला साजेशी भाषा तुला शोधत बसायला नको. आपल्याकडे अर्जाची मराठी तयार आहे. मी नोकरीभर आवक-जावकच्या टेबलावर बसून तिच्यातच जगले, त्यामुळे तिच्याबद्दल मला थोडी मायाही आहे. या भाषेत कुणी काही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. कुणी चिडत नाही, 'तीव्र नाराजी व्यक्त करण्यात येते'. ढीग हा 'सदर ढीग' होतो. माणूस कितीही संतापलेला असो, तो 'सविनय सादर' करतो आणि शेवटी 'आपला विश्वासू' म्हणून सही करतो. आत धुमसणारा राग आणि बाहेरून इस्त्रीचे कपडे, यातूनच हसू फुटतं. म्हणून शिव्यांची गरज पडत नाही. 'आपण घाणेरडे आहात' यापेक्षा 'घासणी अद्याप कोरी असून तिच्यावर वापराची कोणतीही खूण आढळून आली नाही' हे वाक्य जास्त लागतं, आणि ज्याला लागतं त्यालाही हसावं लागतं.

सुरुवात कशी करायची ते लिहूनच दाखवते.

'प्रति,
माननीय सहनिवासी महोदय,
आतली खोली (दार नेहमी बंद).

विषय : सिंकमधील भांड्यांच्या दीर्घकालीन वास्तव्याबाबत.

संदर्भ : १) आपले तोंडी आश्वासन, "जेवलो की लगेच घासतो", सोमवार. २) आपले तोंडी आश्वासन, "सकाळी उठल्या उठल्या", मंगळवार. ३) आपले मौन, बुधवार.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...'

संदर्भाच्या तीन ओळींकडे बघ. तिथे मी एकही अतिशयोक्ती केलेली नाही. तो जे बोलला तेच वारानिशी लिहिलं, फक्त त्याला क्रमांक दिले. तिसऱ्या ओळीत आश्वासनाच्या जागी मौन आलं, तेवढाच काय तो धक्का. पहिल्या दोन ओळी साध्या असल्यामुळे तो बसतो. तिन्ही ओळी चमकदार केल्या असत्या तर तिसरीकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

यानंतर तुझ्या मसुद्यात थेट 'घरात लाखो झुरळं झाली आहेत, साथ पसरणार आहे, शहर रिकामं करावं लागेल' असं येतं. घाई झाली. एकदा शहर रिकामं केल्यावर पुढे काय करणार? उरलेलं अर्धं पान तू नुसता ओरडतोस. वाढवायचं ते पायरीपायरीनं वाढव. आणि वस्तुस्थिती वाढवू नकोस, तिचे परिणाम वाढव. सिंकमध्ये सात भांडी असतील तर सातच लिही. सत्तर लिहिलंस की तो म्हणेल, 'काहीही हं, सत्तर कुठली', आणि तुझं पत्र पहिल्याच ओळीत खोटं पडेल. सात या आकड्यावर त्याला बोलता येत नाही. मग त्या सात भांड्यांमुळे तुझ्या आयुष्याची जी काही वाताहत झाली, ती हवी तेवढी फुगव.

तेव्हा आधी मोजणी करायची. तिच्यासाठी पंचनाम्याइतका चांगला नमुना नाही. पंचनाम्यात जागा, वेळ, उजेड कसा होता, चारी बाजूंना काय आहे, कोणती वस्तू कोणत्या स्थितीत मिळाली, सगळं येतं. मत कुठेच येत नाही. खरंच सिंकपाशी जाऊन उभा राहा आणि वरून खाली एकेक भांडं लिहून काढ. आठवणीतून लिहिलंस तर 'भांड्यांचा ढीग' एवढंच लिहिशील. बघून लिहिलंस तर असं काहीतरी येईल:

'आज गुरुवार रोजी रात्री साडेनऊ वाजता, स्वयंपाकघरातील दिवा लावून, सदर जागेची समक्ष पाहणी करण्यात आली. चतुःसीमा पुढीलप्रमाणे. पूर्वेस नळ, चालू स्थितीत. पश्चिमेस भांडी घासण्याचा साबण, हाताच्या अंतरावर. दक्षिणेस घासणी, कोरी. उत्तरेस भांडी निथळत ठेवण्याची जाळी, रिकामी, वाट पाहत असलेली. या चारही बाजूंनी वेढले गेले असूनही सदर ढिगास आजवर कोणीही स्पर्श केलेला नाही.

ढिगात वरून खाली खालील वस्तू आढळल्या. ताटे दोन, एकमेकांस चिकटलेली. वाटी एक, तळाशी पिवळसर थर, नखाने न निघणारा. कप दोन. दुधाचे पातेले एक, आतून पांढरी कड, सुकून पापुद्रा सुटलेला. चमचा एक, उभा, ज्यावर उर्वरित रचना तोललेली असल्याचा संशय असल्याने तो जागेवरून हलविण्यात आला नाही. सर्वांत तळाशी कढई एक, पाण्याने भरलेली. दोन कपांपैकी एक तक्रारदाराचा असल्याचे निष्पन्न झाले. तो तेथे कसा आला याबाबत स्वतंत्र चौकशी प्रस्तावित आहे.'

तो शेवटचा कप मुद्दाम घातला आहे. तक्रारदार शंभर टक्के निर्दोष असला की तो कंटाळवाणा होतो, आणि समोरचा माणूस लगेच तुझं एखादं भांडं शोधायला निघतो. तूच ते आधी काढून दाखवलंस की त्याच्या हातात काही उरत नाही. शिवाय 'स्वतंत्र चौकशी प्रस्तावित आहे' म्हणणाऱ्याचा पवित्रा बघ. दुसऱ्याच्या भांड्यांचा जागेवर पंचनामा, आणि स्वतःच्या कपासाठी समिती. तुझा मित्र हसेल तो इथेच हसेल, आणि एकदा हसला की पुढचं ऐकून घेईल.

आता तळाच्या कढईकडे येऊ. मला विचारशील तर सगळं पत्र तिच्याभोवती फिरायला हवं, आणि तू तिला एका ओळीत उरकलं आहेस. तूच लिहिलंयस की विचारलं की तो म्हणतो, 'भिजत घातलीये.' भांडी न घासणाऱ्या सगळ्यांचा हा सर्वांत भक्कम बचाव आहे. 'विसरलो', 'नंतर करतो' हे गुन्ह्याचे कबुलीजबाब झाले. 'भिजत घातलीये' म्हणणारा मात्र काम सुरू असल्याचा दावा करतो. तो झोपलेला असतानाही काम सुरू आहे, बाहेर गेला तरी सुरू आहे. त्याचं अर्धं म्हणणं खरंही आहे, म्हणूनच तो दावा मोडायला मजा येते. पण मोडायचा तर भिजवणं म्हणजे काय हे तुला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत हवं. विनोदी पत्रातला तपशील चुकला की समोरचा तेवढंच धरून बसतो.

सुकलेला पिठूळ थर पाणी शोषतो, फुगतो आणि भांड्याला धरलेली पकड सोडतो. कोमट पाण्यात याला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास लागतो. दूध किंवा अंड्याचं भांडं असेल तर आधी गार किंवा जेमतेम कोमट पाणी घालायचं. एकदम कढत पाणी ओतलं तर त्यातली प्रथिनं शिजून आणखी घट्ट बसतात. तेलकट भांड्याला नुसत्या पाण्यानं काहीच होत नाही, वर्षभर ठेवलं तरी. त्याला साबण आणि गरम पाणी लागतं, आणि पाणी गार झालं की सुटलेला ओशटपणा पुन्हा कडेला जाऊन बसतो. तळाला करपून काळं झालेलं असेल तर भिजवून फक्त वरचा भाग सैल होतो. स्टीलचं भांडं असेल तर त्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळायचं, थोडं निवू द्यायचं आणि मग लाकडी उलथन्यानं खरवडायचं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात सोडा घालू नये, ते काळवंडतं. आणि कढई लोखंडी असेल तर भिजत ठेवणं हाच मुळात अपराध, कारण सकाळपर्यंत तिच्यावर तांबूस गंज दिसायला लागतो.

थोडक्यात, भिजवायचं काम जास्तीत जास्त अर्ध्या तासात संपतं. त्यानंतर पाणी कढईवर काही करत नसतं, तुझ्या मित्राची वाट बघत असतं. आणि वाट बघताना त्या पाण्यात दुसरंच काहीतरी सुरू होतं. दुसऱ्या दिवशी वर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो. आतल्या बाजूला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा खरकट्याचा नसतो, तिथे वस्ती करून राहिलेल्या जिवाणूंचा थर असतो. मग वास येतो, आणि तो वास लपवायला कुणीतरी वर आणखी एक ताट ठेवतं.

आकड्यांची हौस तुला इथे भागवता येईल, आणि तीही खरे आकडे देऊन. ऊब, ओल आणि अन्न मिळालं तर काही जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तासाला तीनदा, आठ तासांत चोवीस वेळा. एकापासून सुरुवात करून चोवीस वेळा दुप्पट केलं तर १ कोटी ६७ लाखांच्या वर जातं. हवं तर कागदावर करून बघ. प्रत्यक्षात अन्न संपतं, जागा संपते आणि वाढ मंदावते, म्हणून कुणी हा हिशेब तीन दिवसांपर्यंत ओढला तर ते थोतांड होईल. तू एका रात्रीवर थांब. तुझ्या 'लाखो झुरळां'पेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि कुणी विचारलं तर तुला तो सिद्ध करता येतो.

हे सगळं पत्रात कोंबायचं नाही. तुझ्या कढईला लागेल तेवढंच घ्यायचं. मी असं लिहिलं असतं:

'सदर कढई "भिजत घातलेली" असल्याचे आपण सोमवारी रात्री साडेनऊ वाजता तोंडी कळविले होते. आज त्यास ७२ तास पूर्ण होत आहेत. उपलब्ध माहितीनुसार भिजण्याचे काम अर्ध्या तासात पूर्ण होते. उर्वरित साडेएकाहत्तर तासांत कढई नेमकी काय करीत होती, याचा लेखी खुलासा मागविण्यात येत आहे.

तसेच असे निदर्शनास आणण्यात येते की, अनुकूल परिस्थितीत एका जिवाणूची प्रजा आठ तासांत १ कोटी ६७ लाखांवर जाऊ शकते. आपण सोमवारी रात्री झोपलात तेव्हा या घरात दोन रहिवासी होते. मंगळवारी सकाळी आपण उठलात तेव्हा तक्रारदार अल्पसंख्याक झालेला होता. घरभाड्याची विभागणी मात्र अद्याप जुन्याच प्रमाणात सुरू आहे.

मंगळवारी तक्रारदाराने पाणी पिण्यासाठी भांडे शोधले असता ते मिळाले नाही. बुधवारी तक्रारदाराने वाटीतून पाणी प्यायले. आज गुरुवारी तक्रारदार झाकणातून पाणी पीत असून, उद्या काय होईल याविषयी भाष्य करणे त्यास उचित वाटत नाही.'

पायऱ्या कशा चढल्या बघ. तास, मग लोकसंख्या, मग भाडं, मग झाकण. झाकणाला मी शेवटी ठेवलं, कारण कोट्यवधी जिवाणूंनंतर त्याहून मोठं काही आणता येत नाही. आणलं तर तुझं ते रिकामं शहर पुन्हा येईल. इतक्या उंचीवरून धपकन खाली येऊन एका छोट्या, केविलवाण्या वस्तूवर थांबायचं. झाकणातून पाणी पिणारा माणूस डोळ्यांपुढे आणायला काही कष्ट पडत नाहीत. आणि 'भाष्य करणे उचित वाटत नाही' इथे थांबल्यावर खाली आणखी एक विनोद जोडायचा मोह होईल. तो मोह मला माहीत आहे, चांगल्या चांगल्यांचे अर्ज त्यानं बिघडलेले मी पाहिलेत. जोडू नकोस.

यापुढे मागणी. इथे बहुतेकांची पत्रं फसतात. तुझ्या मसुद्यात 'यापुढे रोज सर्व भांडी वेळेवर घासण्याची सवय लावून घ्यावी आणि स्वभावात बदल करावा' असं आहे. स्वभावात बदल! एवढं मागणारं पत्र घडी करून उशीखाली जातं. मागणी इतकी लहान हवी की पत्र वाचून संपल्यावर उभ्या उभ्या पुरी करता यावी. एवढा मोठा गडगडाट आणि शेवटी चार थेंब. तेही गमतीचंच आहे, आणि शिवाय कामही होतं.

'तरी महोदयांस नम्र विनंती की, सदर ढिगापैकी निदान कढई आज रात्री दहापूर्वी रिकामी करून, घासून, पालथी घालण्यात यावी. उर्वरित भांड्यांबाबत उभयपक्षी चर्चा करण्यास तक्रारदार तयार आहे. स्वतःचा कप त्याने हा अर्ज लिहिण्यापूर्वीच विसळला आहे, ही बाब सहानुभूतीपूर्वक नोंदविण्यात यावी.

आपला विश्वासू,
(झाकणधारक)

सोबत : झाकण एक, पाहणीसाठी. परत करावे, दुसरे नाही.
प्रत माहितीस्तव : घासणी.'

पत्र पुरं झालं की मोठ्यानं वाच. बसल्या जागी वाचताना तुझा आवाज चढला आणि दात आवळले गेले, तर तिथे अजून खरा राग शिल्लक आहे. ते वाक्य बदल. 'नेहमी', 'कधीच', 'तुझ्यासारखी माणसं' हे शब्द मसुद्यात शोध. पाच-सहा ठिकाणी आहेत. या शब्दांनी तक्रार भांड्यांवरून उठून माणसावर जाऊन बसते. त्याचं घर, त्याची आई, त्याला कसं वाढवलं, यातलं काही म्हणजे काहीही येता कामा नये. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात त्याच्या आईचा उल्लेख आहे. तो वाचून मला तुझा राग आला, एवढंच लिहिते.

आणखी एक कसोटी आहे, माझ्या मते सगळ्यांत खरी. हे पत्र वाचून त्याला ते स्वतःहून दुसऱ्या कुणाला तरी दाखवावंसं वाटेल का? वाटलं तर पत्र साधलं. ते तुझं तूच चारचौघांना दाखवलंस, मित्रांच्या ग्रुपवर टाकलंस किंवा पाहुणे येणार त्या दिवशी फ्रिजवर चिकटवलंस, तर त्याच ओळी टोमणे होतात. मजकूर तोच राहतो, पण हसणारी माणसं बदलतात. म्हणून एकच प्रत, त्याच्या हातात किंवा त्याच्या दाराखालून. तो परीक्षेच्या किंवा कामाच्या गडबडीत असेल, घरून काही वाईट बातमी आली असेल, तर आठवडाभर थांब. ढीग कुठे जात नाही, हे तर तूच सिद्ध केलं आहेस.

हेही लक्षात ठेव की असं पत्र एकदाच चालतं. दुसऱ्यांदा तीच चतुःसीमा आणि तेच संदर्भ आले की तो पहिल्या ओळीवरूनच पान उलटेल. तो हुशार असेल तर तुला त्याच भाषेत उत्तर देईल: 'आपला अर्ज प्राप्त झाला. पडताळणी सुरू आहे. कढईचा खुलासा यथावकाश सादर करण्यात येईल.' मग तू प्रत्युत्तर लिहिशील, तो स्मरणपत्र पाठवेल, दोघांनाही मजा येईल आणि कढई तिथेच राहील. मी अशा फायली पाहिल्या आहेत, दोन्ही बाजूंची भाषा उत्तम आणि विषय जागचा हललेला नाही. त्याचं उत्तर आलं की लेखणी खाली ठेव आणि त्याला सिंकपाशी बोलाव. एकानं घासायची, एकानं विसळून जाळीत पालथी घालायची. सात भांड्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतील, त्यातली पाच कढईला. तेव्हाच साध्या बोलीत वार वाटून घ्या. कढई ज्यानं वापरली त्यानंच त्या रात्री घासायची, हे वेगळं ठरवा. नाहीतर ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या वारापर्यंत भिजत पडेल.

सुधारलेला मसुदा पाठव. आईचा परिच्छेद काढलेला असेल तरच वाचेन.

तुझी,
मावशी